होल्डिंग

आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर होती आणि तिच्या स्टार्टरला दोन बटणं, हिरवं आणि लाल. हिरवं बटण दाबून बोट काढून घेतलं तरी मोटर चालत राहायची, याचं मला लहानपणी मोठं नवल वाटे. घरातल्या दिव्याचं बटण दाबलेलं राहतं म्हणून दिवा जळत राहतो, ते डोळ्यांना दिसतं. इथलं बटण तर स्प्रिंगने लगेच वर आलेलं असायचं. मग चालत राहा असं मोटरला सांगतं कोण? वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आत लोहचुंबक आहे, ते धरून ठेवतं." उत्तर अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं मला आयटीआयला गेल्यावर कळलं आणि पुढे माझ्या पोटापाण्याचा सगळा व्यवहार त्या अर्ध्या उत्तरावरच चालला.

स्टार्टरच्या आत कॉन्टॅक्टर असतो. त्याच्या कॉइलला वीज मिळाली की तो खटकन ओढला जातो आणि मोटरला तिन्ही फेज जोडून देतो. कॉइलपर्यंत वीज जाते ती आधी ओव्हरलोडच्या ९५-९६ या संपर्कातून, मग लाल बटणातून आणि शेवटी हिरव्या बटणातून. कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याच्याच अंगावरचा १३-१४ हा छोटा संपर्क बंद होतो आणि हा संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. त्यामुळे बटण सुटलं तरी कॉइल स्वतःच्याच संपर्कातून स्वतःला वीज पाजत राहते. याला आम्ही होल्डिंग म्हणतो. लाल बटण दाबलं, ओव्हरलोड ट्रिप झाला किंवा लाईट गेली, की कॉन्टॅक्टर सुटतो आणि सगळं विसरतो. लाईट परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही.

नेमकं हे विसरणंच शेतकऱ्याला नको असतं. रात्रपाळीची लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही. दर वेळी बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत कोण जाणार? म्हणून गावोगाव स्टार्टरच्या पेटीत ऑटो स्विच बसले. लाईट आली की तो स्विच माणसाऐवजी हिरवं बटण दाबतो. पण तो सगळ्यांच्याच पेटीत असला की काय होतं, याचा हिशेब करून बघा. पाच हॉर्सपॉवरची मोटर चालताना साधारण साडेसात अँपियर घेते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या सहापट. शंभर केव्हीएच्या डीपीची क्षमता सुमारे १३३ अँपियर. तिच्यावर पंधरा मोटरी असतील तर चालताना सगळ्यांचे मिळून ११२ अँपियर होतात, म्हणजे डीपी निभावून नेते. पण पंधराच्या पंधरा एकाच क्षणी सुरू झाल्या तर मागणी पावणेसातशेवर जाते. मग फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते आणि उसाला पाणी मिळायला आठ दिवस लागतात. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर लावा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. शेतकऱ्याला ते पटतंही. पण रात्री दोन वाजता विहिरीवर जायचं असतं ते त्याला.

यंत्राने काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं, हा प्रश्न मला पहिल्यांदा भेटला तो असा, आमच्याच बांधावर.

आयटीआयची दोन वर्षं हाताला वळण लावण्यात गेली. त्यातलं आज काय कामाला येतं असं विचाराल तर क्रिंपिंग, मेगर लावणं आणि ड्रॉइंग वाचणं. यातलं तिसरं तिथे नीट शिकवलं गेलं नाही. ते शिकलो २००१ साली भोसरीत अप्रेंटिस लागल्यावर. तिथल्या सिनियर इलेक्ट्रिशियनला सगळे तात्या म्हणत. तात्यांची एक सवय होती. ब्रेकडाऊनचा निरोप आला की ते पॅनेलकडे धावत नसत. आधी ऑपरेटरला विचारत, "नक्की काय होतंय?" तो म्हणे, "बंद आहे." तात्या म्हणत, "बंद आहे ते मलाही दिसतंय रे. बटण दाबल्यावर काय होतं ते सांग."

हा प्रश्न ते का विचारतात ते मला हळूहळू उमगलं. बटण दाबून धरलं आहे तोवर मोटर चालते आणि सोडलं की बंद पडते, तर कॉइल ठीक आहे, ओव्हरलोड ठीक आहे, बिघाड फक्त १३-१४ मध्ये किंवा तिथल्या वायरमध्ये आहे. बटण दाबूनही काहीच होत नाही, तर ९५-९६, लाल बटण, हिरवं बटण आणि कॉइल या माळेत कुठेतरी तुटलं आहे. मेन स्विच लावताक्षणी, कुणी बटण न दाबताच मोटर सुरू होते, तर हिरवं बटण आत अडकलेलं आहे, १३-१४ चिकटला आहे नाहीतर कुणीतरी मध्ये तार मारून ठेवली आहे. पॅनेलचं दार उघडण्याआधीच अर्धा शोध संपलेला असे.

उरलेला अर्धा शोध टेस्ट लॅम्पने. लॅम्पचं एक टोक न्यूट्रलला लावायचं आणि दुसरं माळेतल्या एकेका टोकाला लावत पुढे सरकायचं: ९५, ९६, लाल बटणाच्या अलीकडे, पलीकडे, मग १३, हिरवं बटण दाबून धरून १४, शेवटी कॉइल. दिवा जिथे विझला त्याच्या लगेच अलीकडे बिघाड. माझ्याकडे नवा डिजिटल मल्टिमीटर होता आणि त्याचा मला अभिमान होता. तात्यांनी तो न बोलता बाजूला ठेवायला लावला. एकाच ट्रंकिंगमधून शेजारी शेजारी गेलेल्या वायरींमध्ये तुटलेल्या वायरीवरही साठ-सत्तर व्होल्ट उगाचच दिसतात. मीटर इतका कमी करंट घेतो की त्याला ते खरे वाटतात. दिव्याला पेटायला खरा करंट लागतो, म्हणून तो फसत नाही. आता हे आभासी व्होल्टेज झटकून टाकणारे मीटर मिळतात, पण ते घ्यायचे कशासाठी हे त्या दिव्यामुळे कळतं.

पहिल्या दोन-तीन वर्षांत इलेक्ट्रिशियनने एवढंच कमवावं असं मला आजही वाटतं: लक्षण ऐकून सर्किटमधली जागा सांगता येणं आणि काम झाल्यावर फेरूलचे नंबर ड्रॉइंगशी जुळवून ठेवणं. फेरूल हा कंटाळवाणा विषय आहे. पण वायर बदलताना नंबर न घालता ती तशीच जोडणारा माणूस पुढच्या पाळीच्या माणसाचे दोन तास चोरत असतो.

अप्रेंटिसशिप संपल्यावर एका मशिनच्या रिले पॅनेलवर मी काही वर्षं काढली. कपाटाएवढी पेटी, आत ओळीने रिले, टायमर आणि त्यांच्यात हजारभर वायरी. मशिनचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक होल्डिंग: क्लॅम्प झाला हे एका रिलेने धरून ठेवायचं, ड्रिल खाली गेला हे दुसऱ्याने, आणि तिसऱ्याने ओढलं जाताना पहिल्याला सोडवायचं. क्रम बदलायचा म्हटलं की पेटी बंद ठेवून दोन दिवस वायरिंग.

अमेरिकेत जनरल मोटर्सला १९६८ साली नेमका हाच कंटाळा आला होता. दरवर्षी गाडीचं मॉडेल बदलायचं आणि दरवर्षी रिलेंची कपाटं मोडून पुन्हा बांधायची. म्हणून त्यांनी प्रोग्रॅम बदलता येईल असं यंत्र मागितलं आणि डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ हे यंत्र तयार केलं. पीएलसीचा प्रोग्रॅम आजही शिडीसारखा दिसतो त्याचं कारण यात आहे. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला रिलेचं ड्रॉइंग वाचता येत होतं, तेच त्याला पडद्यावर वाचता यावं अशी ती सोय होती. हे कळलं तेव्हा माझी भीती बरीच गेली. पीएलसी संगणकवाल्यांचा प्रांत आहे आणि आपण दाराबाहेर उभे आहोत, ही समजूत मुळातच चुकीची होती.

आमच्या त्या रिले पॅनेलच्या जागी पीएलसी आला २००५ च्या सुमारास. प्रोग्रॅम करायला बाहेरची माणसं आली होती. मी त्यांच्या वायरी ओढून देत होतो आणि डोळा लॅपटॉपवर ठेवून होतो. पडद्यावर ओळखीचं चित्र होतं:

```
|--[ Start ]--+--[ Stop ]--[ OL ]--( Motor )
|             |
|--[ Motor ]--+
```

१३-१४ च्या जागी आता `Motor` होता, बाकी सगळं तेच. फक्त एक गोष्ट मला खुपली. लाल बटण म्हणजे एनसी, न दाबलेलं असताना बंद असणारा संपर्क. ड्रॉइंगमध्ये मी तो आयुष्यभर तसाच पाहिला होता. इथे पडद्यावर मात्र `Stop` साध्या, एनओ खुणेने काढलेला. मी विचारलं तेव्हा त्या अभियंत्याने एका वाक्यात सांगितलं, "बटण एनसीच आहे, म्हणून इनपुट एरवी एक असतो, मी एक आहे का तेवढंच विचारतोय."

हे वाक्य नीट पचायला वेळ लागतो आणि ते न पचलेली माणसं मशिनं चालवायला देतात हा माझा अनुभव आहे. लाल बटणाला एनओ संपर्क लावून प्रोग्रॅममध्ये उलटी खूण वापरली तरी मशिन चालतं, बटण दाबल्यावर थांबतं, चाचणीत कुठेच काही दिसत नाही. बटणाची वायर तुटली की मात्र खरं कळतं. पहिल्या पद्धतीत वायर तुटताच इनपुट शून्य होतो आणि मशिन थांबतं. दुसऱ्या पद्धतीत वायर तुटल्याचं कुणालाच कळत नाही आणि थांबवायची वेळ येते तेव्हा लाल बटण मेलेलं असतं. हे ओळखायला लॅपटॉपही लागत नाही. मशिन धड असताना, कुणी काही दाबलेलं नसताना पीएलसीवरचा स्टॉपच्या इनपुटचा छोटा दिवा बघा. तो पेटलेला हवा. विझलेला असेल तर ड्रॉइंग काढा.

लिहिण्याआधी वाचायला शिकावं, ही पुढची दोन वर्षं. मी एक जुनी केबल आणि सिरीयल पोर्टचा सेकंडहँड लॅपटॉप मिळवला. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. देखभालीसाठी बोलावलं की काम उरकून मी पीएलसीला ऑनलाइन जोडत असे आणि नुसता बघत बसे. पहिलं काम नेहमी एकच, आतला प्रोग्रॅम उतरवून तारीख टाकून जपून ठेवणं. मग एक सेन्सर हाताने झाकायचा आणि पडद्यावर कुठे कुठे रंग बदलतो ते पाहायचं. पडदा पीएलसीची समजूत दाखवतो, वस्तुस्थिती दाखवेलच असं नाही. पडद्यावर आउटपुट चालू आणि मोटर बंद, असं दिसलं की संगणकातून आलेली मुलं प्रोग्रॅममध्ये शोधत बसतात. पॅनेलमधून आलेला माणूस आधी आउटपुटच्या टर्मिनलवर चोवीस व्होल्ट आहेत का ते मोजतो. त्या मोजण्याला बाजारात फार किंमत आहे, हे मला नोकरी बदलल्यावर समजलं.

२००९ मध्ये मी ऑटोमेशनची कामं घेणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये गेलो. डिप्लोमा नव्हता. पहिल्या मुलाखतीत त्यांनी कागद विचारले नाहीत, एक पॅनेल दाखवून म्हणाले, "चालू करून दाखवा." मोठ्या कंपन्यांत असं चालत नाही, तिथे अर्ज आधी कागदावरून चाळले जातात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला महाराष्ट्रात पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ज्याला जमेल त्याने हे विशीतच उरकावं. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

त्या फर्ममधलं एक काम सांगतो, कारण आधीचं सगळं त्यात एकत्र आलं. कोल्हापूरकडची एक फौंड्री. तिच्या सँड प्लांटमध्ये वाळू वाहून नेणारे पट्टे एकामागून एक. क्रम असा असतो की शेवटचा पट्टा आधी सुरू व्हायचा, मग त्याच्या मागचा, नाहीतर बंद पट्ट्यावर वाळूचा ढीग पडतो. एके रात्री लाईट बराच वेळ गेली. एक कामगार पट्ट्याखालची सांडलेली वाळू ओढत असताना जनरेटर लागला आणि पट्टा आपोआप सुरू झाला. तो बाजूला झाला म्हणून वाचला. प्लांट बांधणारी मंडळी कधीच निघून गेली होती. आम्हाला बोलावलं ते कारण शोधायला.

पीएलसी मित्सुबिशीचा एफएक्स-टू-एन होता. प्रोग्रॅम उतरवला तर आत टिपणं काहीच नव्हती, नुसते नंबर. पट्टा चालू करायला साधं होल्डिंग न वापरता `SET M500` केलेलं आणि थांबवायला `RST M500`. या पीएलसीत `M0` ते `M499` लाईट गेली की पुसले जातात आणि `M500` पासूनचे बॅटरीवर जपले जातात. करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. बॅचची मोजणी लाईट गेल्यावरही राहिली पाहिजे, अशी मालकांची मागणी होती. त्याने मोजणीबरोबर पट्ट्यांची चालू-बंद अवस्थाही जपून ठेवली. ऑटो स्विच पीएलसीच्या पोटात शिरला होता.

उपाय सरळ दिसत होता. पट्ट्यांसाठी साधं होल्डिंग आणि पुसले जाणारे `M`. मोजणी मात्र `D200` च्या पुढच्या, जपल्या जाणाऱ्या जागांत. बदल केला. मग चाचणी: सगळ्यांना पट्ट्यांपासून लांब उभं केलं, रिकामे पट्टे चालू केले, मेन ब्रेकर पाडला, थोड्या वेळाने उचलला.

पट्टे सुरू झाले. तेही एकामागून एक नाही, सगळे एकदम.

एकदम सुरू होणं हाच धागा होता. प्रोग्रॅमने सुरू केले असते तर क्रमाने, काही सेकंदांच्या अंतराने झाले असते. म्हणजे पीएलसीने नव्याने काही सुरू केलंच नव्हतं. त्याच्या लेखी ते कधी थांबलेच नव्हते. ब्रेकर पुन्हा पाडला आणि या वेळी पीएलसीकडे बघत उभा राहिलो. त्याचा हिरवा दिवा विझलाच नाही. पीएलसी आणि चोवीस व्होल्टचा पुरवठा यूपीएसवर होता. कॉन्टॅक्टरच्या कॉइल मात्र बाहेरच्या लाईटवर. लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटत, पट्टे थांबत, पण पीएलसीचे आउटपुट तसेच चालू राहत. लाल बटणाचा इनपुट ठीक, ओव्हरलोडचा इनपुट ठीक, कारण तेही यूपीएसवरच. होल्डिंग तोडायला कुणी नव्हतंच. लाईट आली की सगळे कॉन्टॅक्टर एकत्र ओढले जात. थोडक्यात, एकाच लक्षणाची दोन कारणं होती. लाईट थोडा वेळ गेली तर यूपीएस पट्टे जिवंत ठेवायचा आणि यूपीएस संपेपर्यंत गेली तर `M500`. आम्ही दुसरं कारण काढलं होतं, पहिलं तसंच राहिलं होतं.

मग पॅनेलमध्ये एक जादा कॉन्टॅक्टर बसवला, कंट्रोल ऑनचा. त्याला स्वतःचं हिरवं बटण, स्वतःचं लाल बटण, स्वतःचा १३-१४, आणि वीज बाहेरच्या लाईटवरून. लाईट गेली की तो सुटतो आणि माणसाने येऊन दाबल्याशिवाय ओढला जात नाही. बाकी सगळ्या कॉइलची वीज त्याच्यातून फिरवली आणि त्याचा एक संपर्क पीएलसीला इनपुट म्हणून दिला. शिवाय प्रत्येक पट्ट्याच्या कॉन्टॅक्टरवरून एक फीडबॅक घेतला. आउटपुट दिल्यावर दोन सेकंदांत फीडबॅक आला नाही, किंवा चालू असताना तो गेला, की तो पट्टा फॉल्टमध्ये. मागचे पट्टेही त्याबरोबर थांबतात. आज हेच स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये एका ओळीत बसतं:

```
Belt := (Start OR Belt) AND Stop AND OL AND ControlOn AND NOT Fault;
```

कंसातला `Belt` हा आमच्या विहिरीवरचा १३-१४. कंसापुढचे सगळे त्याला तोडणारे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं वय मी या तोडणाऱ्यांच्या यादीवरून ओळखतो. नवा माणूस चालू कसं होईल याचा विचार करतो आणि ओळ दोन शब्दांत संपवतो.

पुन्हा चाचणी घेतली, ब्रेकर क्षणभर पाडून आणि यूपीएस काढून दीर्घकाळ पाडून. दोन्ही वेळा काही हललं नाही आणि मोजणी होती तिथेच राहिली. मालकांचं पहिलं वाक्य होतं, "म्हणजे आता दर वेळी माणसाने जाऊन बटण दाबायचं?" हो, साहेब. दाबायचं.

त्यानंतरची वर्षं वेगाने सांगता येतील. एचएमआय, ड्राइव्ह, ड्राइव्हशी आरएस-४८५ वर बोलणं, मग इथरनेट. ही सगळी मॅन्युअल वाचून येतात आणि मॅन्युअल इंग्रजीत असतात, एवढाच त्यातला अडसर. खरा टप्पा आला तो सेफ्टीचा. इमर्जन्सी स्टॉप साध्या पीएलसीच्या भरवशावर सोडायचा नाही. त्याला सेफ्टी रिले लागतो. बटणापासून दोन वेगवेगळ्या वायरी येतात आणि दोन्ही जुळल्या तरच तो ओढला जातो. एक संपर्क चिकटला तर दुसरा थांबवतो, आणि बिघाड काढेपर्यंत रिले पुन्हा ओढला जात नाही. बटण फिरवून सोडवल्याने मशिन सुरू होता कामा नये. वेगळं रिसेट लागतं. चांगल्या रिलेत तर रिसेट दाबल्यावर नाही, दाबून सोडल्यावर मान्य होतं, म्हणजे कुणी रिसेटच्या बटणात काडी खुपसून ठेवली तर उपयोग होऊ नये. ही अट ज्याने कुणी घातली त्याने कारखाना जवळून पाहिलेला असणार.

माझा भाचा यंदा चाकणला अप्रेंटिस लागला. परवा विचारत होता, "मामा, पीएलसीचा कोर्स कुठला लावू? पंधरा दिवसांचा आहे एक, सर्टिफिकेट देतात." त्या कोर्सांत सिग्नलचे तीन दिवे आळीपाळीने लावायला शिकवतात. सिग्नलला लाल बटण नसतं, ओव्हरलोड नसतो, खाली वाळू ओढणारा माणूस नसतो. मी म्हटलं, "यंदा टेस्ट लॅम्प घे आणि फक्त कंट्रोल वायरिंग. पुढच्या वर्षी डिप्लोमाचं बघ आणि तुमच्या प्लांटमधल्या एका मशिनचं ड्रॉइंग पाठ कर, पानं फाटेपर्यंत. तिसऱ्या वर्षी तुमच्या साहेबांना विचारून, परवानगी काढून पीएलसीला ऑनलाइन जोडायचं. काही बदलायचं नाही, फक्त वाचायचं आणि बॅकअप घ्यायचा. एक जुना छोटा पीएलसी, चोवीस व्होल्टचा सप्लाय आणि चार बटणं घेऊन घरी बोर्ड कर. चौथ्या वर्षी लिही, पण फीडबॅकशिवाय एकही मोटर लिहायची नाही. पाचव्या-सहाव्यात ड्राइव्ह आणि नेटवर्क. मग कुणाच्या तरी हाताखाली एक प्लांट पहिल्यापासून उभा कर, इनपुट-आउटपुटची यादी, चाचणीचे कागद, सगळं. सेफ्टी त्यानंतर, आणि ती शिकल्याशिवाय स्वतःला इंजिनियर म्हणवून घ्यायचं नाही."

"म्हणजे सात-आठ वर्षं, मामा?"

"तुझा पगार मध्ये वाढत जाणारच आहे की," मी म्हटलं. त्याला ते फारसं पटलं नाही. कोर्स तो लावेलच.

हे वाचणारं कुणी कारखान्यात देखभालीला असेल तर एक काम सुचवतो. पुढच्या सुट्टीच्या दिवशी, साहेबांची लेखी परवानगी घेऊन, मशिनं रिकामी आहेत आणि जवळ कुणी नाही हे स्वतः फिरून पाहा. मग चालू मशिनांचा मेन ब्रेकर पाडा. एकदा थोडा वेळ, एकदा यूपीएस संपेपर्यंत. परत उचलल्यावर आपोआप काय काय सुरू झालं त्याची यादी करा आणि ती यादी घेऊन साहेबांकडे जा.